८+२५६ की ६+१२८? स्वस्त फोन निवडताना

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुकानात बजेट फोन मागितला की बऱ्याचदा असे दोन फोन पुढ्यात येतात. प्रोसेसर एकच धरू, दोन कॉर्टेक्स-ए७५ आणि सहा ए५५ कोअरचा. पहिल्यात ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज, पण ईएमएमसी ५.१ या संथ प्रकारचं. दुसऱ्यात ६ जीबी आणि १२८ जीबी, पण यूएफएस २.२ या वेगवान प्रकारचं. फोनचा वेग मोजणाऱ्या अंटुटू ॲपच्या एकूण स्कोअरमध्ये मोठा वाटा प्रोसेसर आणि ग्राफिक्सचा असतो, त्यामुळे दोघांचे आकडे बघून काही ठरत नाही.

आता हे फोन चप्पल लाइनमधल्या एखाद्या दुकानदाराच्या हातात द्या. सकाळी नेट चालू केलं की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरचे फोटो उतरायला लागतात, मागे प्ले स्टोअर ॲप अपडेट करत असतं, आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक पैसे देऊन उभं असतं, म्हणून यूपीआय ॲप उघडायचं असतं. फोटो आणि अपडेट म्हणजे लिहिणं, ॲप उघडणं म्हणजे वाचणं. ईएमएमसीमध्ये ही दोन्ही कामं एकाच वाटेनं जातात. एका वेळी एकच, एकेरी पुलासारखी. यूएफएसमध्ये दोन्ही दिशांना वेगळ्या वाटा आहेत. म्हणून पहिल्या फोनवर पांढरा स्क्रीन रेंगाळतो, आणि तिथं प्रोसेसर कितीही दमदार असला तरी डेटा यायची वाट बघत बसतो.

मग ८ जीबी रॅमचा फायदा नाही का? आहे. कॅमेऱ्यातून परत आल्यावर व्हॉट्सॲप जिथं सोडलं तिथंच सापडण्याची शक्यता वाढते. ४ जीबीच्या फोनमध्ये ते बऱ्याचदा पुन्हा पहिल्यापासून उघडतं. पण ६ वरून ८ वर गेल्यानं रोजच्या वापरात तेवढा फरक जाणवत नाही. आणि ‘व्हर्च्युअल रॅम’चं मला अजिबात कौतुक नाही: ती स्टोरेजमधूनच उसनी घेतलेली असते, म्हणजे ईएमएमसीवर आणखी ओझं.

दुकानदारीसाठी मी दुसरा फोन घेईन. फक्त १२८ जीबी गच्च भरू देऊ नका. स्टोरेज काठोकाठ भरलं की यूएफएससुद्धा मंदावतं. व्हिडिओंचा ढीग जपायचा असेल आणि थोडं थांबायची तयारी असेल, तर पहिला चालेल. मोठे गेम खेळणाऱ्यांनी मात्र दोन्ही सोडावेत. तिथं ग्राफिक्सचा स्कोअर खरंच उपयोगी पडतो.

खोक्यावर नुसतं ‘१२८ जीबी’ असेल तर कंपनीच्या साइटवर स्टोरेजचा प्रकार बघा. तिथंही लिहिलेला नसेल, तर ईएमएमसी असावं असं धरून चाला. डेमो फोन हातात मिळाला तर प्ले स्टोअरवरून एखादं मोठं ॲप टाकायला लावा आणि ते इन्स्टॉल होत असतानाच कॅमेरा उघडा, लगोलग फोटो काढून गॅलरीत जा. नवा, रिकामा फोनही तिथं अडखळत असेल, तर वर्षभरानं भरल्यावर तो आणखीच अडखळेल. स्टोरेजची चिप बोर्डावर सोल्डर केलेली असते, नंतर बदलून मिळत नाही.