बदामाचे काप करायच्या यंत्रापायी गेलेले पैसे, वाणवाल्या बायकांनी वाचा

मी शहापूरला, म्हणजे आमच्या बेळगावच्या शहापूरला, घरातनंच संक्रांतीच्या वाणाच्या वस्तू पुरवते. यंदा टिळकवाडीच्या एका वहिनींनी व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला आणि म्हणाल्या हेच पाहिजे, शंभर नग. हातात मावणारा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, आत बदाम, वरचं झाकण दाबत फिरवायचं आणि खालच्या स्टीलच्या पात्यातनं पातळ काप पडतात. त्यावर कंपनीचं नाव नाही, काही नाही.

फोटो नुसता गूगल लेन्सला टाकला तर बाजूची बरणी आणि टेबलक्लॉथच दाखवायला लागलं, मग वस्तूपुरता कापून टाकला तेव्हा कुठं ऑनलाइन दुकानं आली. पण तिथं एकेक नग, सव्वाशे-दीडशेला, वाणाला परवडायचं कसं? मग होलसेलच्या साइटवर शोधायला बसले. "kitchen gadget" टाकलं की जगातलं सगळं येतंय. फिरवून वापरायचं, पारदर्शक, काप पडणारं असं टाकलं तेव्हा dry fruit slicer आलं, आणि त्याच्याखाली गंमत म्हणजे dry fruit and paper mill grinder. पेपर म्हणजे मिरी हो, pepper चं स्पेलिंग कुणीतरी चुकवलंय आणि सगळ्यांनी तसंच कॉपी मारलंय. खरं स्पेलिंग टाकलं तर लाकडी मिरीदाण्या येतात, चुकीचं टाकलं की आपला माल!

फसले ती पुढं. त्या साइटवर मी चौकशी टाकली, सोबत फोटो पण जोडला. लगेच एकाचा फोन, "मिल जाएगा मॅडम, सदर बाजार दिल्ली से, अडतीस रुपया पीस". त्यानं पाठवलेला फोटो बघितला तर माझाच, कडेला वहिनींच्या टेबलक्लॉथची किनार सुद्धा तशीच. मी विचारलं तर म्हणाला सगळे पार्टीवाले एकच फोटो वापरतात. आणि ते खोटं पण नाही, बिनब्रँडच्या मालाचे फोटो खरंच दहा ठिकाणी सारखेच असतात. पण टेबलक्लॉथ?

पाती स्टीलची ना? हो. खाली काप पडायला डबी येते ना? हो मॅडम, येते. फोटोतल्या वस्तूला डबी नव्हतीच, वहिनींनी खाली वाटी धरली होती. ज्याच्याकडं माल आहे तो सांगतो की डबी येत नाही. हा मात्र प्रत्येक गोष्टीला हो.

अडतीसशे आणि भाडं मिळून सव्वाचार हजार आधी मागितले, यूपीआयवर दिले. मग बिल्टीचा फोटो आला, त्यावर ओळखीच्या ट्रान्सपोर्टचं नाव. गोडाऊनला गेले तर तिथल्या अण्णांनी रजिस्टर बघून सांगितलं, अक्का हा नंबर आमचा नव्हेच, आमच्या बिल्टीचे आकडे असले नसतात. फोन लावला, बंद.

बिलावरचा जीएसटी नंबर मग बघितला. सुरुवात 24 नं, म्हणजे गुजरात, दिल्लीचा असता तर 07 असता, आपल्या कर्नाटकचा 29. जीएसटीच्या साइटवर Search Taxpayer मध्ये टाकल्यावर नाव निघालं भलत्याच माणसाचं, आणि नंबर चालू! कुणातरी खऱ्या व्यापाऱ्याचा उचललाय. यूपीआयला पैसे पाठवताना जे नाव दिसलं होतं ते तिसरंच. ही तीन नावं जुळतायत का बघायला दोन मिनिटं पुरतात, आणि ती पैसे सोडायच्या आधीच बघायची.

1930 ला फोन केला, मग cybercrime.gov.in वर तक्रार टाकली, यूटीआर नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडून. तिथनं ठाण्यात बोलावलं, साहेब कन्नडमध्ये विचारत होते, शेजारच्या मुलाला नेलं होतं म्हणून निभावलं. त्यांनी सांगितलं पैसे दिल्यावर जितक्या लवकर 1930 ला कळवाल तितकी समोरच्या खात्यातली रक्कम थांबायची आशा, पुढं गेली की अवघड. माझी वेळ बिल्टीची वाट बघण्यातच गेली.

वहिनींचा माल शेवटी कुठं मिळाला म्हणताय? खडेबाजारात. आता मी फोटो दाखवतच नाही. फोनवर एवढंच बोलले, बदाम घालून वरनं फिरवायचं, काप पडतात, पूड नव्हे, खाली डबी येते का? दुकानदार म्हणाला डबी नाही येत ताई, आणि पूडवालं वेगळं आहे, त्याला प्लास्टिकचे दात असतात, काप हवेत तर स्टीलचं पातंवालं घ्या. पंचेचाळीसला पडलं. बॉक्स उघडून चारपाच फिरवून बघितले, एकाचं पातं ढिलं होतं, ते त्यानं बदलून दिलं.