पाच इंची की सहा इंची? स्लॅबचं स्वतःचं वजन मोजून ठरवताना

घर बांधायला काढलं की एका टप्प्यावर कॉन्ट्रॅक्टरकडून हे वाक्य येतंच: "पाच इंचीच्या ऐवजी सहा इंची टाकू, मजबूत होईल." एका इंचाने काय फरक पडतो, असं मालकाला वाटतं. तो फरक किलोत मांडला की निर्णय सोपा होतो आणि हिशेबही एका ओळीचा आहे. मीटरमधली जाडी गुणिले घनता, म्हणजे चौरस मीटरमागचे किलो.

```
वजन (किलो/चौ.मी.) = जाडी (मिमी) ÷ १००० × घनता (किलो/घनमीटर)
```

सळईसकट काँक्रीटची घनता २५०० धरली, तर दर मिलिमीटरला अडीच किलो. एवढं लक्षात ठेवलं तर साइटवर कॅल्क्युलेटर लागत नाही.

साडेतीन मीटर बाय साडेचार मीटरची खोली घेऊ. क्षेत्रफळ १५.७५ चौरस मीटर, चारही बाजूंना बीम, स्लॅब दोन्ही दिशांना काम करणारा. तिसरा पर्याय म्हणून सिंटर केलेल्या फ्लाय अॅशच्या हलक्या खडीचं काँक्रीटही शेजारी ठेवतो, कारण हल्ली ते सुचवलं जातं.

| पर्याय | जाडी | घनता | वजन प्रति चौ.मी. |
|---|---|---|---|
| पाच इंची, नेहमीची खडी | १२५ मिमी | २५०० | ३१२.५ किलो |
| सहा इंची, नेहमीची खडी | १५० मिमी | २५०० | ३७५ किलो |
| सहा इंची, हलकी खडी | १५० मिमी | १९०० | २८५ किलो |

पहिल्या दोन ओळींत फरक ६२.५ किलोचा. आख्ख्या खोलीला तो ९८४ किलो होतो, म्हणजे जवळपास एक टन. माणसं, कपाटं, पलंग यांसाठी राहत्या घरात चौरस मीटरला २०० किलो धरतात. त्याच्या एक तृतीयांशाला थोडं कमी एवढं वजन आपण फक्त जाडी वाढवून कायमचं वर ठेवतो. माणसं ये-जा करतात, काँक्रीट हलत नाही. भूकंपाच्या हिशेबात तर हे आणखी ठळक होतं. तिथे घरातल्या चालत्या भाराचा फक्त चौथा हिस्सा धरतात, पण स्लॅबचं वजन पूर्ण.

तरी कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं अगदीच खोटं नाही. माणसं-सामानाचे ते २०० किलो आणि फरशी व खालच्या मसाल्याचे १०० किलो धरले, तर पाच इंचीवर एकूण भार ६१२.५ किलो आणि सहा इंचीवर ६७५. भार १० टक्के वाढला. पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो, म्हणून सहा इंची स्लॅब सुमारे ७३ टक्के जास्त ताठ. फक्त स्लॅबपुरतं पाहिलं तर सौदा चांगला आहे. गोम अशी की बीम, कॉलम आणि पाया यांच्या वाट्याला तो ताठपणा येत नाही, नुसतं वजन येतं. तीन मजली घरात आतल्या कॉलमवर साधारण एका खोलीएवढं क्षेत्र धरलं, तर कॉलमच्या तळाशी जवळपास तीन टन जास्त. जमीन चौरस मीटरला २० टन पेलणारी असेल, तर पायाचं क्षेत्र ०.१५ चौरस मीटरने वाढवावं लागेल. नव्या घरात हे काही मोठं संकट नाही, फक्त डिझाइन करताना धरलेलं हवं. डिझाइन पाच इंचीचं आणि ओतला सहा इंची, हा प्रकार मात्र वाईट.

या खोलीपुरतं माझं मत पाच इंचीच्या बाजूने आहे. साडेतीन मीटरपर्यंतच्या छोट्या गाळ्यासाठी, दोन्ही दिशांच्या स्लॅबला आणि नेहमीच्या टॉर सळईला, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडातलं गाळा भागिले जाडी हे प्रमाण साध्या टेकूवर २८ आहे. ३५०० भागिले २८ म्हणजे बरोबर १२५. छोटा गाळाच सव्वाचार-साडेचार मीटरचा असता, तर सहा इंचीचा विचार मीही केला असता.

हलक्या खडीचा पर्याय आकड्यात आकर्षक आहे: सहा इंची जाडी आणि वजन पाच इंचीपेक्षाही कमी. त्याची लवचिकता जास्त असते, ताठपणाचा गुणांक नेहमीच्या काँक्रीटच्या ७० टक्क्यांच्या आसपास. तरी जाडीमुळे तो पाच इंचीपेक्षा कमी वाकतो. अडचण कामात येते. ही खडी पाणी पिते, आधी भिजवली नाही तर मिक्समधलं पाणी ओढून घेते आणि माल ओतण्याआधीच घट्ट होतो. नव्या छोट्या घराला एवढा खटाटोप कशाला? जुन्या इमारतीवर मजला चढवायचा असेल आणि पाया वाढवता येत नसेल, तिथे मात्र नेहमीच्या खडीच्या सहा इंचीपेक्षा चौरस मीटरला वाचलेले ९० किलो खरोखर कामाला येतात.

आता घनतेबद्दल. २५०० हा आकडा सगळीकडे सारखा नाही. दख्खनच्या पठारावरची खडी बेसॉल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची, आणि तो ग्रॅनाइटपेक्षा जड असतो. तिथलं सळईसकट काँक्रीट २५५० च्या पुढे सहज जातं. आयएस कोडात घनता घनमीटरला २५ किलोन्यूटन दिलेली आहे. तिचे किलो केले तर २५४८ होतात, २५०० नाही. पाच इंचीला हा फरक सहाच किलोंचा, त्यावर वाद घालू नये. पण घनता तपासायची सोपी युक्ती आहे. काँक्रीटची ताकद तपासायला ओतलेला क्यूब फोडायला नेण्याआधी त्याचं वजन करा. १५० मिमीच्या क्यूबचं आकारमान ०.००३३७५ घनमीटर, म्हणून ८.६ किलो भरला तर घनता २५४८. बेसॉल्टच्या खडीचा क्यूब आठ किलोच्या खाली गेला, तर काँक्रीट हलकं झालं म्हणून खूश होऊ नका. आत पोकळ्या राहिल्या आहेत.

जाडीची चूक यापेक्षा महाग पडते. सेंट्रिंगची फळी मध्ये दबली की वरून लेव्हल करताना स्लॅब आपोआप जाड होतो. कळतं ते मालाच्या हिशेबातून. या खोलीला १२५ मिमीने १.९७ घनमीटर लागतात. बीमचा माल वेगळा काढून, सांडलवंड वजा करून २.३ घनमीटर गेले असतील, तर सरासरी जाडी १४६ मिमी झाली. म्हणजे पाच इंची म्हणत म्हणत सहा इंचीच ओतला गेला.

आणि सगळ्यात जास्त किलो जिथे लपतात ती जागा स्लॅबमध्ये नसतेच. बाथरूमचा स्लॅब खाली सोडलेला असतो, तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी आणि मसाल्याने भरतात. २५० मिमी भराव, घनता १९०० धरली तर चौरस मीटरला ४७५ किलो, म्हणजे खालच्या पाच इंची स्लॅबच्या दीडपट. त्याच जागी एएसी ब्लॉकचे तुकडे टाकले तर कोरड्या ६५० घनतेने १६३ किलो. ओल धरून ८०० धरा, तरी २००. एक इंच काँक्रीटवर तासभर चर्चा होते आणि हा भराव मिस्त्रीच्या मर्जीवर सोडतात. डिझायनरने भरावाला किती किलो धरलेत, हे काम सुरू होण्याआधी ड्रॉइंगवर लिहून घ्या.