अख्ख्या दुकानाचे दिवस की प्रकारवार दिवस?

चिपळूणच्या बाजारपेठेतलं एक कापड दुकान धरू. वर्षभरात विकलेल्या मालाची खरेदी किंमत 36 लाख, सरासरी साठा 12 लाख. माल विकला जाईपर्यंत सरासरी किती दिवस दुकानात पडून राहतो ते काढू: 12 भागिले 36, गुणिले 365 म्हणजे 122 दिवस. अख्ख्या दुकानाचा हा आकडा ठीकठाक दिसतो आणि मालक निर्धास्त होतो. मला नेमकं तेच खटकतं.

आता तोच हिशोब प्रकारवार करा. गाऊन-परकर 12 लाखांचे विकले, साठा दीड लाख: 46 दिवस. साड्या 14 लाखांच्या, साठा साडेचार लाख: 117 दिवस. पुरुषांचे शर्ट-पँट 10 लाखांचे, साठा 6 लाख: 219 दिवस. म्हणजे निम्मं भांडवल एकाच कपाटात अडकलंय आणि गाऊनच्या वेगाने ते झाकलं होतं.

प्रकारवार पद्धतीला मेहनत लागते, पण मी तीच निवडेन. साठा मात्र दर महिन्याअखेरीस मोजून सरासरी काढा. गणपतीआधी, चाकरमानी यायच्या तोंडावर, साड्यांचा साठा फुगतोच. तेवढ्यावर त्यांना मंद ठरवणं अन्याय आहे. विक्रीही खरेदी किमतीनेच धरा, नाहीतर नफा मिसळून दिवस कमी दिसतात.

219 दिवसांतही सगळा माल मेलेला नसतो. चिठ्ठीवरची खरेदीची तारीख बघा. मधले साइज खपून नुसते 38 आणि 46 उरले असतील, तर ते पावसाळ्याआधी सवलतीत काढा. आपल्याकडच्या दमट हवेत घडीवर बुरशीचे डाग पडले की तीही किंमत येत नाही.