मिनरल ऑइल आणि डॉट फ्लुइड: दोन सायकली, दोन ब्रेक, काही महिन्यांचा अनुभव

माझ्याकडे सध्या दोन सायकली आहेत. एकीला शिमानोचे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, म्हणजे मिनरल ऑइलवर चालणारे. दुसरीला स्रॅमचे गाइड, ते डॉट ५.१ या ब्रेक फ्लुइडवर. दोन्ही आलटून पालटून चालवतो आणि दोन्हींचं ब्लीडिंग, म्हणजे आतली हवा काढून द्रव बदलणं, घरीच करतो. दोन्हींपैकी चांगलं कोणतं, असा प्रश्न बरेच जण विचारतात. त्यावर लिहितोच, पण गेल्या काही महिन्यांत एका मित्राच्या सायकलवर जे पाहिलं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यामुळे बराचसा भाग त्यावरच असेल.

आधी रोजच्या वापराबद्दल. कोरड्या रस्त्यावर, साध्या चढउतारावर लिव्हर दाबताना आत कोणतं द्रव आहे हे मला तरी ओळखता येत नाही. बोटाला जो फरक जाणवतो तो लिव्हरच्या रचनेचा असतो. द्रवाचा फरक कळतो तो काळ गेल्यावर. डॉट फ्लुइड ग्लायकॉल ईथरवर आधारलेलं असतं आणि ते हवेतली ओल शोषून घेतं. सीलबंद दिसणाऱ्या ब्रेकमध्येही होजमधून, म्हणजे द्रवाच्या नळीतून, आणि रबरातून थोडी थोडी ओल जातच राहते. नव्या डॉट ५.१ चा उत्कलनबिंदू किमान २६० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १८० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणून माझ्या गाइड ब्रेकचं फ्लुइड मी दर वर्षी बदलतो. लांब उतारावर सतत ब्रेक धरावा लागला आणि लिव्हर मऊ पडायला लागली, तर वर्ष व्हायचीही वाट बघत नाही.

मिनरल ऑइलमध्ये पाणी विरघळत नाही, हे ऐकून लोक निश्चिंत होतात. पण आत शिरलेलं पाणी कुठे जाणार? तेलापेक्षा जड असल्यामुळे ते सावकाश खाली उतरतं, आणि ब्रेकमधली सर्वांत खालची जागा म्हणजे चाकाजवळचा, पॅड दाबणारा कॅलिपर, जिथे सगळी उष्णता असते. तिथे साचलेलं पाणी १०० अंशांच्या आसपासच उकळतं. डॉटमध्ये ओल सगळीकडे पसरते आणि ब्रेक हळूहळू कमजोर होतो. मिनरलमध्ये थेंबभर पाणी असेल तर ब्रेक एरवी उत्तम चालतो आणि एखाद्या मोठ्या उतारावर एकदम दगा देतो. तरीही माझ्या शिमानोला ऑइल क्वचितच बदलावं लागतं, हे खरं. वरच्या टोकाला ऑइल काळपट दिसलं की बदलतो.

आता मित्राची गोष्ट. त्याच्या सायकलला डॉटचे ब्रेक. मागचा ब्रेक जरा पोकळ लागत होता म्हणून त्याने एका मेकॅनिककडून टॉप-अप करून घेतला. मेकॅनिककडे सिरिंज भरलेली तयार होती, ती मिनरल ऑइलची. पहिले काही दिवस ब्रेक अगदी छान लागला. ही गोष्ट मुद्दाम सांगतोय, कारण चूक तिथल्या तिथे कळली असती तर कोणी केलीच नसती. नंतर लिव्हर सोडल्यावर ती आळसटल्यासारखी परत यायला लागली. मग उतार संपल्यावर मागचं चाक घासायला लागलं. सायकल थंड झाली की चाक पुन्हा मोकळं. त्याला वाटलं रोटर, म्हणजे चाकावरची डिस्क, वाकलाय. रोटर सरळ केला, पॅड बदलले, कॅलिपर पुन्हा मध्यावर बसवला. फरक शून्य.

माझ्याकडे आणल्यावर आम्ही आधी एक सोपी तपासणी केली. ब्रेक तापवून चाक आवळलेल्या अवस्थेत कॅलिपरचा ब्लीड स्क्रू किंचित सैल केला. थोडं द्रव दाबाने बाहेर आलं आणि चाक लगेच सुटलं. याचा अर्थ दाब आत अडकला होता आणि त्याला वर लिव्हरकडे परतायची वाट मिळत नव्हती. स्क्रू सैल करूनही चाक आवळलेलंच राहिलं असतं, तर दोष कॅलिपरमधल्या पिस्टनचा धरला असता. स्क्रूला आधी पारदर्शक नळी जोडा. या तपासणीत पॅड जागेवरच लागतात, त्यामुळे द्रव त्यांच्यावर सांडलं तर पॅड वाया गेलेच म्हणून समजा. नंतर पॅड काढले की लिव्हर दाबायची नाही, आणि रोटर पुन्हा बसवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा.

मग सगळं द्रव काचेच्या छोट्या बाटलीत काढलं. हलवल्यावर ते गढूळ, दुधट दिसत होतं. बाटली टेबलावर तशीच ठेवली, आणि काही वेळाने त्यात सरळ रेघ उमटली: वर गुलाबीसर थर, खाली फिकट पिवळा. ड्रॉपरने वरच्या थरातला थेंब पाण्यात टाकला, तो पसरून तरंगत राहिला. खालच्या थरातला थेंब पाण्यात विरून गेला. तरंगलं ते मिनरल, विरघळलं ते डॉट. घरात पडलेल्या बिननावाच्या बाटलीत मिनरल आहे की ग्लायकॉलचं डॉट, ते ओळखायलाही हीच चाचणी पुरते. रंगावर मात्र जाऊ नका. रंग कंपनीने मिसळलेला असतो (शिमानोचं गुलाबी, मागुराचं निळं) आणि जुनं झाल्यावर सगळंच तपकिरी होतं.

आत काय बिघडलं होतं, ते समजायला ब्रेकमधलं रबर बघावं लागतं. डॉटच्या ब्रेकमध्ये सील साधारणपणे ईपीडीएम रबराची असतात. ग्लायकॉलला ती छान टिकतात, पण पेट्रोलियमजन्य तेल मिळालं की ते पिऊन फुगतात. मिनरलच्या ब्रेकमध्ये बहुधा नायट्राइल रबर असतं. त्याचं उलट: तेलात ठणठणीत, ग्लायकॉल ईथरमध्ये फुगतं आणि मऊ पडतं. थोडक्यात, ब्रेकला कोणतं द्रव चालेल हे त्याच्या रबरावर ठरतं, द्रवाच्या दर्जावर नाही. महागातलं डॉट ५.१ सुद्धा शिमानोच्या ब्रेकसाठी विषच.

कॅलिपरमध्ये पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाची सील असते. लिव्हर दाबली की पिस्टन पुढे सरकतो आणि सील त्याच्यासोबत तिरकी ओढली जाते. लिव्हर सोडली की सील सरळ होते आणि पिस्टनला मागे खेचते. पिस्टनला परत आणणारं दुसरं काहीच नसतं, ना स्प्रिंग ना आणखी काही. पॅड आणि रोटरमधली ती मिलिमीटरच्या अंशाएवढी फट फक्त या रबराच्या लवचीकपणावर अवलंबून असते. फुगलेली सील खाचेत ठासून बसते, पिस्टनला घट्ट धरते आणि परत फिरत नाही.

लिव्हरच्या बाजूला आणखी वाईट प्रकार होतो. लिव्हर पूर्ण सुटलेली असते तेव्हा लिव्हरमधल्या द्रवाच्या टाकीकडे जाणारं एक बारीक छिद्र उघडं असतं. ब्रेक तापून द्रव प्रसरण पावलं की जास्तीचं द्रव त्या छिद्रातून टाकीत जातं. सील फुगल्यामुळे लिव्हरचा पिस्टन पूर्ण मागे आला नाही, तर छिद्र झाकलेलंच राहतं. मग तापलेलं द्रव जाणार कुठे? ते पॅडना रोटरवर दाबतं, त्याने आणखी उष्णता, त्याने आणखी दाब. उतारावर ब्रेक आपोआप लागत जातो तो असा. मित्राची आळसटलेली लिव्हर आणि थंड झाल्यावर सुटणारं चाक, दोन्हींचं मूळ हेच.

मित्राचं म्हणणं होतं की दोन-चार वेळा स्वच्छ डॉट घालून फ्लश करू. हा मार्ग बरेच जण सुचवतात आणि मला तो पटत नाही. एक तर दोन्ही द्रवं एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे तेलाचे थेंब कोपऱ्यात चिकटून राहतात. दुसरं म्हणजे रबराने प्यायलेलं तेल फ्लशने बाहेर येत नाही. बरं, होजचं भोक दोन मिलिमीटरच्या आसपास असतं. पावणेदोन मीटर लांबीच्या होजमध्ये मावतात जेमतेम पाच-सहा मिलिलीटर. अशा ब्रेकमध्ये टॉप-अपचे दोन-तीन मिलिलीटर म्हणजे किरकोळ मिसळ नव्हे.

आम्ही कॅलिपर उघडला. जुनी सील टोकदार लाकडी काडीने बाहेर काढली, आणि मग ती आपल्याच खाचेत परत बसेना. एक बाजू बसवली की दुसरी बाजू कमानीसारखी वर यायची. शेजारी नवी सील ठेवल्यावर फरक नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. लिव्हरमधल्या कप सीलची कडाही सुजलेली होती. शेवटी लिव्हरचं आतलं किट, टाकीतला रबरी पडदा, कॅलिपरच्या सगळ्या सील आणि पॅड बदलले. धातूचे भाग आणि होज आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवले. होजमध्ये तेल राहिल्याची शंका असेल तर तीही बदलावी, असं मी म्हणेन. आता ब्रेक नीट चालतोय.

हे जमलं कारण त्या ब्रेकचे सुटे भाग मिळतात. शिमानोच्या कॅलिपरसाठी सील सुट्या विकल्या जात नाहीत, त्यामुळे उलटी चूक, म्हणजे मिनरलच्या ब्रेकमध्ये डॉट, झाली तर बहुधा अख्खा कॅलिपर आणि लिव्हर बदलण्याची तयारी ठेवा.

चूक ताबडतोब लक्षात आली तर? लिव्हर अजिबात दाबू नका, सायकल चालवू नका, द्रव लगेच काढा आणि सील बदला. नुकतंच झालंय म्हणून चालेल, यावर मी तरी उतार उतरणार नाही.

कंपनीच्या नावावरूनही अंदाज बांधू नका. शिमानो, मागुरा आणि टेक्ट्रो मिनरलवाले, होप डॉटवाले, इथपर्यंत ठीक. पण स्रॅमचे गाइड आणि कोड डॉटवर चालतात आणि डीबी८ व मेवन मिनरलवर. फॉर्म्युलाचे जुने ब्रेक डॉटचे, क्युरा मिनरलचा. लिव्हरच्या टाकीजवळ बहुधा लिहिलेलं असतं, तिथे वाचा. नंबरांचाही एक सापळा आहे: डॉट ५ हे सिलिकोनचं असतं, ५.१ ग्लायकॉलचं. ४ च्या जागी ५.१ चालतं, ५ नाही.

माझ्याकडे आता ब्लीडिंगचे दोन पूर्ण वेगळे संच आहेत, सिरिंज, नळ्या, कपड्याचे तुकडेसुद्धा. मिनरलच्या संचाला निळी टेप, डॉटच्या संचाला लाल. धुतलेली सिरिंजही अदलाबदल करत नाही, कारण तिच्या दट्ट्यालाही रबर असतं. डॉट हाताळताना हातमोजे घालतो आणि फ्रेमवर थेंब पडला की लगेच पाण्याने धुतो, नाहीतर रंग उचलला जातो. उघडलेली डॉटची बाटली जपून ठेवत नाही. छोटी बाटली घेतो आणि उरलेलं वापरलेल्या डॉटसोबत गोळा करायला देतो.

फक्त निवडीचं विचारलं तर: वर्षाकाठी फ्लुइड बदलायचा कंटाळा असेल तर मिनरल घ्या. स्वतः ब्रेक उघडून सील बदलायची आवड असेल आणि सुटे भाग मिळत असतील, तर डॉटचा ब्रेक जास्त वर्षं साथ देतो, असं माझं मत झालंय. माझी पुढची सायकल कदाचित पुन्हा डॉटचीच असेल.