सीमांत खर्च: तक्त्यातून काढावा की डेरिव्हेटिव्हने?

बेळगावकडच्या पीयूसीच्या मुलांना खर्चवक्र बहुधा तक्त्यातूनच भेटतात, डेरिव्हेटिव्ह पुढे पदवीला येतो. दोन्ही वाटा एकाच उदाहरणावर चालवून पाहू. निपाणीकडचं एक गुऱ्हाळ घ्या. Q म्हणजे दिवसाचा गूळ क्विंटलमध्ये, खर्च शंभर रुपयांच्या पटीत. एकूण खर्च म्हणजे TC, त्याचे आकडे अर्थातच सोयीचे घेतलेत:

TC = Q³ − 12Q² + 60Q + 98

98 हा स्थिर खर्च. तो बाजूला ठेवून बाकीच्याला Q ने भागलं की सरासरी बदलता खर्च मिळतो: AVC = Q² − 12Q + 60. त्यात 98/Q मिळवला की एकूण सरासरी खर्च, ATC. इथवर दोन्ही वाटा सारख्याच. फाटा फुटतो तो सीमांत खर्चापाशी, म्हणजे आणखी एक क्विंटल काढायला लागणाऱ्या जादा खर्चापाशी; त्याला MC म्हणू.

तक्त्यात बदलता खर्च पाचला 125, सहाला 144 आणि सातला 175 येतो. म्हणून सहाव्या क्विंटलचा सीमांत खर्च 19, सातव्याचा 31. AVC सहाला सर्वांत कमी, 24. नियमाप्रमाणे MC ने तिथेच AVC ला छेदायला हवं. पण 19 हा आकडा Q = 6 वर आणि 31 हा 7 वर मांडून रेघ ओढली, तर छेद साधारण 6.45 वर पडतो. मुलं मग आकडेमोड पुन्हा तपासत बसतात, आणि आकडेमोडीत चूक नसतेच. 19 हा पाच ते सहा या टप्प्याचा खर्च आहे, त्याची जागा 5.5 वर. तिथे मांडला की छेद 5.92 च्या आसपास येतो. उरलेला फरक टप्पा मोठा असल्यामुळे: या सूत्रात तक्त्याचा आकडा टप्प्याच्या मध्यावरच्या खऱ्या MC पेक्षा नेमका 0.25 ने जास्त येतो.

डेरिव्हेटिव्हने MC = 3Q² − 24Q + 60. सहा घाला, 24 मिळतात. भांडण मिटलं. MC चा तळही नेमका कळतो: Q = 4, खर्च 12. तक्ता मात्र चौथ्या आणि पाचव्या दोन्ही क्विंटलला 13 दाखवतो, त्यामुळे तळ सपाट असल्यासारखा वाटतो.

तक्त्याची एक बाजू मान्य करायला हवी. ATC चा तळ शोधताना डेरिव्हेटिव्हवाल्यापुढे Q³ − 6Q² − 49 = 0 असं त्रिघाती समीकरण येतं आणि ते अंदाजानेच सोडवावं लागतं. तक्त्यात सहाला 40.33, सातला 39, आठला 40.25, म्हणजे सात नजरेतच भरतो. इथे तळ पूर्णांकावर आहे हे नशीब. स्थिर खर्च 98 ऐवजी 120 धरला तर तळ सात आणि आठच्या मध्ये सरकतो आणि तक्ता नुसता सात दाखवतो.

ज्यांना डेरिव्हेटिव्ह अजून शिकायचाय त्यांनी तक्ता जरूर वापरावा, फक्त MC अर्ध्या घरावर मांडावा. ज्यांना घाताचा नियम येतो, त्यांनी मात्र माझ्या मते MC सूत्रानेच काढावा आणि तक्ता ATC चा तळ हुडकण्यापुरता हाताशी ठेवावा.