रविवारचा गेट-नियम: जुना ठेवायचा की नवा घ्यायचा?

सांगलीतल्या एखाद्या शाळेच्या वसतिगृह समितीपुढे नियमावलीचे दोन मसुदे आले, तर आधी रविवारी परतायचा नियम काढून वाचावा. बाकीची नियमावली कशी असेल, ते तिथेच कळतं.

जुना म्हणतो: "सायंकाळी ६ नंतर प्रवेश मिळणार नाही. उशीर झाल्यास १०० रुपये दंड."

नवा म्हणतो: "६ पर्यंत पोहोचावे, कारण साडेसहाला हजेरी होते आणि तोच आकडा मेसला जातो. गाडी चुकल्यास ६ च्या आत पालकांनी किंवा विद्यार्थ्याने वसतिगृहाच्या फोनवर कळवावे. त्याचे ताट राखून ठेवले जाईल. ८ पर्यंत रेक्टर गेटवर घेतील. त्यानंतर येणाऱ्यास पालकांनी स्वतः आणून सोडावे."

आता जतहून निघालेला आठवीतला मुलगा धरा. मिरजेत गाडी बदलताना पाऊण तास गेला आणि सात वाजले. जुन्या नियमात त्याला गेट बंद. दंडाचे पैसे खिशात नाहीत, म्हणून तो मित्राच्या खोलीवर झोपतो. रजिस्टरमध्ये तो 'घरी', घरच्यांच्या लेखी 'वसतिगृहात'. त्या रात्री मूल नेमकं कुठे आहे, हे एकाही मोठ्या माणसाला ठाऊक नसतं. जुन्या नियमाचा खरा धोका हा आहे. शिस्तीचा मुद्दा त्यानंतरचा. ज्यांना शंभर रुपये जड नाहीत, ती मुलं पैसे भरून खुशाल उशिरा येतात, ते वेगळंच.

रेक्टरचीही यात कोंडी होते. गेट उघडलं तर नियम मोडला, नाही उघडलं आणि काही बरंवाईट झालं तर जबाबदार तेच. मग दंडाऐवजी अंगठे धरून उभं करण्यासारखे तोंडी तोडगे निघतात. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शारीरिक शिक्षा करायला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे. नव्या मसुद्यात गेट उघडण्याचा अधिकार लेखी मिळतो आणि आठनंतर रेक्टरना खोलीवर जाता येतं.

पण नवा मसुदा फोनवर उभा आहे. रविवारी संध्याकाळी तो उचलायला माणूस नसेल, तर नवा नियमही कागदावरच राहणार. एकच रेक्टर असतील तर हजेरी घेता घेता फोन सांभाळणं जमत नाही. त्या दोन तासांपुरता मदतनीस आधी नेमा, मगच हा नियम लावा. नियम चालतो की नाही, हे सोमवारच्या हजेरीत दिसेल: "परस्पर शाळेत आलो" म्हणणारी मुलं कमी झाली पाहिजेत.

नव्या मसुद्यात एक बदल मात्र मी सुचवेन. "विजेची उपकरणे जबाबदारीने वापरावीत" हे गोड वाक्य काढा. तिथे जुनंच बरं: "बादलीत हीटरची कॉइल लावू नये." फक्त पुढे जोडा: "शॉक बसतो, गरम पाणी सकाळी साडेपाच ते सात बंबावर मिळेल."