मुलाखतीची खातरजमा: निमंत्रण स्वीकारणे पुरेसे, की उत्तर लिहावे?

मुलाखत ठरल्याचा ईमेल आला की उमेदवाराला दोन गोष्टी करता येतात. सोबतच्या कॅलेंडर निमंत्रणावर ‘Yes’ दाबून मोकळे होता येते, किंवा त्याच ईमेलला उत्तर देऊन तपशील स्वतःच्या शब्दांत पुन्हा मांडता येतात. दुसऱ्या मार्गाला फार तर पाच मिनिटे लागतात; ती कुठे कामी येतात, हे वेळेच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते.

समजा, न्यूयॉर्कहून १५ जुलैच्या मुलाखतीसाठी ‘10 AM EST’ असे कळवले आहे. उन्हाळ्यात तिथली घड्याळे एक तास पुढे असतात आणि त्या वेळेला EDT म्हणतात, पण सवयीने अनेकजण वर्षभर EST च लिहितात. शब्दशः EST धरले तर भारतात रात्रीचे ८:३० होतात. तिथल्या चालू घड्याळाप्रमाणे मात्र संध्याकाळचे ७:३०. उमेदवाराने स्वतःच हिशेब केला, तर तो तासभर उशिरा हजर होईल. निमंत्रणाचा मोठा गुण इथेच आहे, कारण ते वेळ आपल्या उपकरणाच्या टाइम झोनमध्ये आपोआप बदलून दाखवते. मात्र पाठवणाऱ्यानेच चुकीचा झोन निवडला असेल, तर निमंत्रण ती चूकही तितक्याच ठामपणे दाखवते. म्हणून ईमेल आणि निमंत्रण यांतील वेळा जुळत नसतील, तर आपल्याला सोयीची वेळ खरी मानू नये; सरळ असे लिहावे:

“मुलाखत मंगळवार, १५ जुलै रोजी न्यूयॉर्कच्या स्थानिक वेळेनुसार सकाळी १० वाजता, म्हणजेच भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ७:३० वाजता आहे, असे मी समजतो. यात काही फरक असल्यास कृपया कळवावे.”

शहराचे नाव लिहिल्याने संक्षेपाचा घोळच उरत नाही. IST ही अक्षरे तर आयर्लंड आणि इस्राएलच्या वेळेसाठीही वापरली जातात.

माध्यमाच्या बाबतीत निमंत्रण सरस ठरते, कारण लिंक त्यातच असते आणि आयोजकाने ती बदलली तर सहसा नोंदही अद्ययावत होते. उत्तरात फक्त झूम, मीट की टीम्स हे लिहावे आणि जोडणी तुटल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करावा, ते विचारावे.

कागदपत्रांविषयी निमंत्रण बहुधा गप्प असते. ‘कागदपत्रे सोबत ठेवावीत’ एवढ्यावरून मूळ प्रती, छायाप्रती की आधी पाठवायची पीडीएफ, हे कळत नाही. ऑनलाइन मुलाखतीत ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायला सांगू शकतात, तर प्रत्यक्ष मुलाखतीत प्रवेशद्वारावरच ते मागू शकतात. तेव्हा कोणते ओळखपत्र चालेल, हेही याच उत्तरात विचारून घ्यावे.

दोन्ही बाजू एकाच टाइम झोनमध्ये असतील, लिंक आलेली असेल आणि कागदपत्रांची यादी स्पष्ट असेल, तर निमंत्रण स्वीकारून एका ओळीचे आभार पुरतात. यांपैकी एकही गोष्ट अर्धवट असल्यास निमंत्रण स्वीकारावेच, पण उत्तरही त्याच दिवशी, त्याच ईमेल साखळीत पाठवावे. नव्या विषयाने पाठवलेला ईमेल समोरच्याच्या गर्दीत मागे पडतो.